दोन पाण्यांमधलं अंतर

हायड्रेशन व्हेस्ट घ्यायला गेलं की प्रत्येकाच्या नावापुढे एक आकडा दिसतो : 5 लिटर, 8 लिटर, 12 लिटर. नवखा धावपटू तो वाचून दचकतो. बारा लिटर पाणी अंगावर घेऊन पळायचं? पण हा आकडा पाण्याचा नसतोच. व्हेस्टच्या सगळ्या खिशांत मिळून किती सामान मावेल, त्याचा तो अंदाज असतो. पाणी राहतं ते पुढे छातीवरच्या दोन मऊ, चुरगळणाऱ्या बाटल्यांत, ज्यांना सॉफ्ट फ्लास्क म्हणतात. त्या बहुधा अर्ध्या अर्ध्या लिटरच्या असतात. पाठीमागे दीड-दोन लिटरची नळीवाली पिशवी, म्हणजे ब्लॅडर, ठेवायला वेगळा कप्पा असतो. ही पिशवी भरून ठेवली की 5 लिटरच्या व्हेस्टमधली बरीचशी जागा तीच खाते आणि रेनकोट, खाऊ, फोन यांना कोपराच उरतो.

तेव्हा खरेदीची सुरुवात दुकानात करू नये, न्हाणीघरातल्या वजनकाट्यापासून करावी. एका सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, कपडे काढून वजन करायचं. नेहमीच्या लाँग रनच्या वेगाने तासभर धावायचं, मध्ये किती पाणी प्यालो ते लक्षात ठेवायचं, परत आल्यावर घाम पुसून पुन्हा तसंच वजन करायचं. कमी झालेलं वजन आणि प्यालेलं पाणी यांची बेरीज म्हणजे तासाभरात गेलेला घाम. एक किलो म्हणजे साधारण एक लिटर. डिसेंबरच्या पहाटेचा आकडा ऑक्टोबरच्या उकाड्यात उपयोगाचा नाही, आणि पुण्याचा मुंबईत नाही. ज्या हवेत लांब धावायचं, त्याच हवेत मोजायला हवं.

समजा, जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनची तयारी करणारी एक बाई आहे. निघताना वजन 62.4 किलो, तासाने 61.6, मध्ये 300 मिली पाणी प्याली. म्हणजे घाम 1.1 लिटर. ऑक्टोबरमधल्या एका रविवारी तिला 30 किलोमीटर धावायचंय, किलोमीटरला सात मिनिटं या चालीने. साडेतीन तास, म्हणजे एकूण घाम 3.85 लिटर. तो सगळा भरून काढायची गरज नसते. वजनाच्या दोनेक टक्क्यांपर्यंतची घट बहुतेकांना चालते. तिच्या बाबतीत ती सव्वा लिटर. उरले 2.6 लिटर, म्हणजे तासाला साधारण 750 मिली.

इथे बहुतेक जण घाईने मोठं व्हेस्ट मागवतात. पण 2.6 लिटर एकदम अंगावर कशाला हवं? आपण पाणी वाहतो ते एका भरण्यापासून पुढच्या भरण्यापर्यंत. ही बाई घराभोवती साडेसात किलोमीटरच्या चार फेऱ्या मारत असेल आणि दर फेरीला गाडीच्या डिकीतून किंवा सोसायटीच्या नळावरून बाटली भरत असेल, तर दोन पाण्यांमधला वेळ 52 मिनिटांचा. तेवढ्यात तिला 650 मिली लागेल. भरताना उभ्या उभ्या 150 मिली पोटात टाकलं की वाटेसाठी अर्धा लिटर पुरतं. म्हणजे हातातली एक बाटली बास.

तीच बाई सिंहगडाकडच्या डोंगररांगेत ट्रेल धावायला गेली की हिशेब पालटतो. चढावर किलोमीटरला बारा मिनिटं लागतात, वाटेत ना नळ ना टपरी. पाण्याविना बारा किलोमीटर काढायचे तर जवळजवळ अडीच तास झाले, आणि त्याच हिशेबाने पावणेदोन-एक लिटर पाणी लागलं. आता व्हेस्टला पर्याय नाही : पुढे दोन सॉफ्ट फ्लास्क, मागे ब्लॅडरमध्ये लिटरभर. तोही काठोकाठ हिशेब नको, कारण डोंगरात वाट चुकते. काही ट्रेल शर्यतींत तर किती पाणी वाहायची सोय हवी हे नियमच सांगतात. युरोपातल्या यूटीएमबीमध्ये किमान एक लिटरची सक्ती आहे. शहरातल्या मोठ्या मॅरेथॉनमध्ये मात्र थोड्या थोड्या अंतरावर पाणी मिळतं, तिथे भरलेलं व्हेस्ट घालून धावणं म्हणजे फुकटची हमाली.

हिशेबातून निघालेला आकडा ही कमाल मर्यादा समजावी. तेवढं पाणी प्यायलाच हवं असं नाही. पोटात पाणी डुचमळू लागलं की थांबावं. धावून आल्यावर वजन वाढलेलं दिसलं तर पाणी जास्त झालं, आणि हे गमतीत घेण्यासारखं नाही. 2002 सालच्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंचं रक्त तपासलं, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तातलं सोडियम नेहमीच्या पातळीखाली उतरलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांमध्ये हे प्रमाण ठळक होतं. मोठं व्हेस्ट घेतलं की ते संपवलंच पाहिजे असं वाटतं, हा त्याचा एक छुपा तोटा.

हातातल्या बाटलीची चूक दंडात आणि खांद्यात कळते. अर्धा लिटर पाणी आणि बाटली मिळून अर्ध्या किलोहून जरा जास्तच. बाटलीचा पट्टा ढिला असेल तर बोटं ती घट्ट पकडून ठेवतात, मग मनगट आवळतं, कोपर आखडतो आणि तासाभराने तो खांदा कानाकडे चढलेला असतो. परीक्षा सोपी आहे : भरलेली बाटली हातात अडकवा, पट्टा तळहाताच्या मागून ओढून घ्या आणि बोटं पूर्ण उघडून पळत राहा. बाटली जागेवर राहिली पाहिजे. पट्टा अंगठ्याच्या बेचक्यात रुतत असेल तर घेऊ नका. तिथली कातडी पातळ, ती सर्वांत आधी सोलते. आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी हात बदला. दोन हातांत दोन बाटल्या घेणारेही असतात, पण डोंगरात तोल गेल्यावर हात मोकळे हवेत. अर्ध्या लिटरच्या वर गरज गेली की मी तरी व्हेस्टच सुचवेन.

व्हेस्ट निवडताना माप शर्टाचं नको, छातीचं घ्या. काखेखालून फीत फिरवून, साधा श्वास घेऊन. मग दुकानात रिकामं व्हेस्ट घालून आरशात पाहणं हे जवळपास निरुपयोगी. बाटल्या भरून द्यायला सांगा. दुकानदार कां-कूं करेल, तरी सांगा. घातल्यावर आधी बाजूचे पट्टे ओढायचे, मग छातीवरचे. शेवटी छाती भरून श्वास घ्यायचा. पट्ट्याने तो अडला तर घट्ट आहे. आता जागेवर उड्या मारा. व्हेस्ट अंगाबरोबर हललं तर बरोबर; अंगानंतर हललं, म्हणजे पाय टेकल्यावर पाठीवर एक ठोका बसला, तर ढिलं आहे. ठोका साधारण खालच्या कडेला, शेवटच्या बरगड्यांवर बसतो, आणि पुढे तिथेच घासतं.

बायकांच्या व्हेस्टची अडचण वेगळी. मधला पट्टा छातीच्या नेमक्या वर आला तर दाब बसतो. तो वर आणि खाली सरकवता यायला हवा. भरलेले फ्लास्क छातीवर रुतत असतील तर लांब नळीचे फ्लास्क घेऊन ते बरगड्यांच्या बाजूला खाली ठेवता येतात. आणि घालून पाहताना नेहमीची स्पोर्ट्स ब्रा अंगात हवी, कारण तिच्या पट्टीवर व्हेस्टची शिवण आली की दोन शिवणींच्या मध्ये कातडी सापडते.

आणखी एक गोष्ट दुकानात कळत नाही. पाणी पिऊ लागलो की व्हेस्ट रिकामं होतं, म्हणजे ढिलं होतं. सुरुवातीला अंगासरशी बसलेलं व्हेस्ट दीड तासाने नाचू लागतं. म्हणून पट्टे धावता धावता एका हाताने आवळता आले पाहिजेत. एकच फ्लास्क संपवू नका, दोन्हींतून आलटून पालटून प्या, नाहीतर वजन एका खांद्यावर लोंबतं. उथळ पाण्याला खळखळाट फार, हे ब्लॅडरच्या बाबतीत शब्दशः खरं आहे. पण तो खळखळाट पाण्याचा कमी, आतल्या हवेचा जास्त. ब्लॅडर भरून बंद करा, उलटा धरा आणि नळीतून हवा ओढून घ्या. पाणी येऊ लागलं की थांबा. आवाज बंद, हिंदकळणंही बंद.

आता घासण्याबद्दल. कोरडी कातडी कापडावरून बऱ्यापैकी सरकते, घामाने ओली झालेली अडखळते. म्हणून मुंबईच्या दमट हवेत, जिथे घाम वाळतच नाही, तेच व्हेस्ट जास्त त्रास देतं. त्यात घामातलं मीठ कापडावर बसतं आणि बारीक कण कातडी खरवडतात. ठरावीक जागा चार : मानेची मागची बाजू, गळ्याजवळचं हाड, काखेखालची कड आणि कमरेच्या वर पाठ. मंगळसूत्र, जानवं किंवा देवाचा दोरा पट्ट्याखाली येत असेल तर मानेवर हमखास रेघ उमटते. लाँग रनला ते काढून ठेवणं किंवा शर्टाच्या आत नीट घेणं बरं.

बिनबाह्यांच्या बनियनवर व्हेस्ट घालू नये. पट्टा थेट कातडीवर येतो. सुती टी-शर्टही नको, तो घाम धरून ठेवतो. अंगाला बसणारा, शिवणी सपाट असलेला पॉलिस्टरचा बाह्यांचा शर्ट बरा. पेट्रोलियम जेली किंवा घर्षण रोखणारा बाम घरातून निघण्याआधी लावायचा, कातडी कोरडी असताना. खोबरेल तेल उष्णतेत पातळ होऊन ओघळतं, तासाभरात काही उरत नाही. तीन तासांपुढे धावायचं तर जेलीची छोटी डबी खिशात असू द्या आणि कुठे चुरचुरू लागलं की लगेच थांबून लावा. लाल झालेली जागा अर्ध्या तासात सोलते, मग तिथे आंघोळीचं पाणी पडलं की माणूस ओरडतो.

बाम लावूनही प्रत्येक वेळी एकाच जागी घासत असेल तर दोष मापात आहे. खालच्या कडेला घासलं तर बहुधा व्हेस्ट ढिलं. काखेत घासलं तर ते लहान किंवा बाजूचे पट्टे फार ओढलेले. मानेला घासलं तर मागे वजन जास्त, ते पुढे आणा. ब्लॅडरमधलं अर्धा लिटर काढून पुढच्या फ्लास्कमध्ये घातलं की फरक त्याच दिवशी कळतो.

धावून आल्यावर व्हेस्ट थंड पाण्यात साध्या साबणाने धुवून सावलीत वाळवायचं, नाहीतर कापडात राहिलेलं मीठ पुढच्या रविवारी हजर असतं. ब्लॅडरमध्ये साधं पाणीच ठेवा. साखरेचं, इलेक्ट्रोलाइटचं पेय फ्लास्कमध्ये. पावसाळ्यात ब्लॅडर आतून वाळत नाही आणि नळीत काळे ठिपके धरतात. धुऊन, पाणी झटकून तो नळीसकट फ्रीजरमध्ये ठेवला की बुरशी वाढत नाही.