हिब्रूतले प्रेमपत्र : लिहिणारा कोण, वाचणारा कोण?

हिब्रूत ‘माझे तुझ्यावर प्रेम आहे’ हे वाक्य लिहिताना लिंग दोनदा ठरवावे लागते. वर्तमानकाळातील क्रियापद लिहिणाऱ्याच्या लिंगाप्रमाणे बदलते : पुरुष ‘अनी ओहेव’ म्हणतो, स्त्री ‘अनी ओहेवेत’. मराठीतील ‘करतो–करते’ याच वळणाचे आहे. पुढचे ‘तुला’ मात्र वाचणाऱ्याप्रमाणे बदलते : पुरुषाला ‘ओतखा’, स्त्रीला ‘ओताख’. म्हणून स्त्री पुरुषाला ‘अनी ओहेवेत ओतखा’ लिहिते, पुरुष स्त्रीला ‘अनी ओहेव ओताख’, तर पुरुष पुरुषाला ‘अनी ओहेव ओतखा’. भूतकाळात ‘अहावती’ हे एकच रूप दोघांनाही चालते.

विशेषण ज्याचे वर्णन करते त्याच्यामागे जाते. ‘तू सुंदर आहेस’ हे पुरुषाला ‘अता याफे’, स्त्रीला ‘अत याफा’ असे होते. संबोधनही बदलते : त्याला ‘यकीरी’, तिला ‘यकीराती’.

रोजच्या हिब्रू लेखनात स्वरचिन्हे नसतात. त्यामुळे ‘ओतखा’ आणि ‘ओताख’ आलेफ, वाव, ताव, खाफ या त्याच चार अक्षरांत लिहिले जातात. ‘याफे’ व ‘याफा’ही कागदावर सारखेच दिसतात. ‘ओहेवेत’मधील शेवटचा ताव, ‘अता’मधील शेवटचा हे आणि ‘यकीराती’मधील ताव मात्र स्पष्ट दिसतात. चिठ्ठी तपासताना ही अक्षरे आधी पाहावीत. पत्नीने पतीला लिहिलेली अचूक चिठ्ठी अशी होईल : ‘यकीरी, अता याफे. अनी ओहेवेत ओतखा.’