क्रीम संपतं ते कडेला

रात्री साडेदहाला भाचीचा फोन आला. ‘मावशी, केकचा मधला थर झाला, वरचाही झाला, पण कड निम्मी होते न होते तोच क्रीम संपलं. आता दुकानंही बंद आहेत.’ तिला ६ इंची, म्हणजे १५ सेंटिमीटर व्यासाच्या केकचं प्रमाण पाठ होतं: १६५ ग्रॅम बटर आणि ३३५ ग्रॅम आयसिंग शुगर. या वेळी टिन होता १० इंची, २५ सेंटिमीटरचा. व्यास दीडपटीहून थोडा जास्त, म्हणून तिने दोन्ही जिन्नस तेवढेच वाढवले. हिशोब सरळ वाटतो, पण तो चुकतोच.

बटरक्रीमचं साधं प्रमाण वजनावर असतं: बटर एक भाग, आयसिंग शुगर दोन भाग. केक लहान असो वा मोठा, हे बदलत नाही. बदलतं ते एकूण क्रीम, आणि ते किती लागणार हे केकच्या पृष्ठभागावर ठरतं. दोन चकत्यांच्या केकला तीन ठिकाणी क्रीम लागतं: चकत्यांच्या मध्ये, वर आणि कडेला.

२० सेंटिमीटरचा, म्हणजे ८ इंची केक घेऊ. उंची १० सेंटिमीटर. त्रिज्या १०, तेव्हा वरचं वर्तुळ ३१४ चौरस सेंटिमीटर भरतं. मधला थरही तेवढाच. कडेसाठी परीघ गुणिले उंची, म्हणजे ६२८. पाहिलंत? निम्मं क्रीम कडेलाच जातं, आणि आपण मात्र सगळा विचार वरच्या सजावटीचा करतो. एकूण झाले १२५६ चौरस सेंटिमीटर. अर्धा सेंटिमीटर जाडीचा थर द्यायचा तर ६२८ घन सेंटिमीटर क्रीम हवं. फेटलेल्या बटरक्रीमचं वजन घन सेंटिमीटरला ढोबळमानाने एक ग्रॅम धरा, कारण फेटताना त्यात हवा किती भरली त्यावर ते कमीजास्त होतं. भांड्याला चिकटणारं, पॅलेट नाईफवर राहणारं आणि चाखण्यात जाणारं म्हणून पाचवा भाग वर घ्या. हे साडेसातशे ग्रॅमच्या घरात जातं: २५० ग्रॅम बटर, ५०० ग्रॅम साखर. वर गुलाबफुलं काढायची असतील तर त्यांचं क्रीम वेगळं.

आता भाचीची चूक दिसते. उंची तीच ठेवून व्यास वाढवला की कड व्यासाच्या पटीत वाढते, पण वरचा भाग आणि मधला थर व्यासाच्या वर्गाच्या पटीत. त्यामुळे खरी गरज या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी असते. याच रीतीने २५ सेंटिमीटरच्या केकला सुमारे १०५० ग्रॅम क्रीम लागतं: ३५० ग्रॅम बटर, ७०० ग्रॅम साखर. तिच्याकडे होतं सव्वाआठशेच्या आसपास. उलट, सगळंच वर्गाच्या पटीत वाढवलं असतं तर साडेतीनशे ग्रॅम उरलं असतं. केक दोनऐवजी तीन चकत्यांचा केला, पण उंची तीच ठेवली, तरी मधला थर एकाने वाढतो. ८ इंची केकला त्यामुळे पाव भाग क्रीम जास्त लागतं.

बटर बिनमिठाचंच घ्या. नेहमीच्या खारट बटरचं मीठ एवढ्या साखरेतूनही जिभेला लागतं. ते फ्रीजबाहेर काढून इतकं नरम होऊ द्या की बोट दाबल्यावर खड्डा पडेल, पण तेलकट चमक येणार नाही. आधी नुसतं बटर पांढुरकं होईपर्यंत फेटा, मग चाळलेली साखर दोन-तीन वेळा थोडी थोडी घाला. मिक्सरमधून काढलेली घरची पिठीसाखर मी वापरून पाहिली आहे. ती कितीही बारीक वाटली तरी दाताखाली कचकच राहते. विकतच्या आयसिंग शुगरमध्ये गुठळ्या होऊ नयेत म्हणून सहसा थोडा कॉर्नस्टार्च असतो.

आपल्याकडे मे महिन्यात हे सगळं गणित उष्णतेपुढे हरतं. बटर तिशीच्या थोडं वर वितळतं, आणि स्वयंपाकघर तिथपर्यंत सहज पोचतं. क्रीम कडेवरून घसरायला लागलं की हात साखरेच्या डब्याकडे जातो. तसं करू नका, प्रमाण बिघडतं आणि गोडी असह्य होते. भांडं पंधरा मिनिटं फ्रीजमध्ये ठेवा आणि पुन्हा फेटा. उलट क्रीम घट्ट वाटलं तर एखादा चमचा दूध पुरतं.

आधी अगदी पातळ थर देऊन, चुरा त्यात अडकवून, केक अर्धा तास गार करावा. तो पातळ थरही याच हिशोबातला आहे.

भाचीने त्या रात्री उघड्या कडेला भाजलेल्या बदामाचे काप दाबून लावले. तुम्ही मात्र क्रीम करायला घेण्याआधी मोजपट्टीने व्यासाबरोबर केकची उंचीही मोजा.