एकच हाऊजी, तीन पायऱ्यांचे इशारे

सहावीच्या एकाच वर्गात कुणी इंग्रजी गोष्ट सलग वाचतो, तर कुणी अजून अक्षरं जुळवत असतो. अशा वर्गात शब्दांची हाऊजी खेळताना बाईंनी नुसता शब्द पुकारला, तर मुलं आवाजावरून घर शोधतात. अर्थ कळला की नाही, ते समजतच नाही. म्हणून शब्द न पुकारता इशारा द्यावा.

फळ्यावर शिकवलेले 16 शब्द लिहा. प्रत्येकानं त्यातले आवडीचे 9 निवडून वहीत तीन बाय तीनच्या चौकटीत भरावेत. त्यामुळे चौकटी वेगवेगळ्या होतात आणि शेजाऱ्याचं बघून खोडणं फारसं जमत नाही.

आता ‘थर्स्टी’ हा शब्द घ्या. पहिला इशारा अवघड: ‘यू फील दिस आफ्टर रनिंग इन द सन.’ मग मनात दहा आकडे मोजेपर्यंत थांबा. हा थांबा सगळ्यात महत्त्वाचा, आणि घाईत नेमका तोच गळतो. दुसरा इशारा: ‘आय ॲम डॅश, गिव्ह मी सम वॉटर.’ तिसऱ्या वेळी पाणी पिण्याचा अभिनय. कितव्या इशाऱ्याला ओळखलं, तो आकडा मुलांनी घरात लिहायचा. पण जिंकणं ओळ पूर्ण होण्यावरच ठेवा, नाहीतर हुशार मुलंच दरवेळी पुढे राहतील.

ओळ झाली म्हणणाऱ्यानं तिन्ही शब्द वाचून त्यातल्या एकाचं वाक्य करावं. अडला, तर खेळ पुढे चालू. नंतर वह्या चाळा. ज्या शब्दापुढे बहुतेकांनी 3 लिहिलाय, तो पुन्हा शिकवायला हवा.