नवा गेमिंग फोन तापतोय, अडकतोय? दुकानदाराला तक्रार अर्ज असा लिहा

पाचगणी : स्ट्रॉबेरीच्या पैशातून पुतण्यानं जून महिन्यात २४ हजारांचा गेमिंग फोन घेतला. महिनाभरात तक्रार सुरू झाली. गेम लावला की दहा मिनिटांत फोनची पाठ चटका देते आणि चित्र अडकायला लागतं. त्यानं दुकानदाराला दोन ओळींचा अर्ज दिला, "फोन लई गरम होतो, हँग होतो, बदलून द्या." दुकानदार म्हणाला, "गेम खेळल्यावर गरम होणारच. उन्हात ठेवला असशील."

आता जुलैमध्ये पाचगणीत ऊन कुठलं? दिवसभर धुकं आणि पाऊस. पण दुकानदाराचं अर्धं म्हणणं खरं आहे. गेम खेळताना कुठलाही फोन थोडा तापतोच. प्रोसेसर जास्त तापला की फोन जळू नये म्हणून तो स्वतःच आपला वेग कमी करतो, म्हणून गेम अडकतो. म्हणजे तापणं आणि अडकणं हे दोन वेगळे आजार नाहीत, एकाच आजाराची दोन लक्षणं आहेत. आतली उष्णता बाहेर काढणारी पट्टी किंवा पेस्ट नीट बसली नसेल तर हे फार लवकर होतं. अर्जात हे 'फार लवकर' आकड्यात दाखवावं लागतं. 'लई गरम' याला उत्तर देणं सोपं असतं, आकड्याला अवघड जातं.

मग आम्ही घरातच चाचणी घेतली. कव्हर काढलं, चार्जर काढला, फोन अपडेट केला, बाकीची ॲप बंद केली. काही फोनमध्ये डायलवर `*#*#4636#*#*` दाबलं की बॅटरीचं तापमान दिसतं. बाकीच्या फोनमध्ये हे चालत नाही. गेम मोडमध्ये एफपीएस म्हणजे सेकंदाला किती चित्रं पडतात तो आकडा दिसतो. सुरुवातीला ३१ अंश आणि ६० एफपीएस होते. बाराव्या मिनिटाला ४६ अंश आणि २४ एफपीएस. तीन दिवस तीच वेळ, तोच गेम, आकडे जवळपास तेच. दुसऱ्या फोनवरून व्हिडिओ काढून ठेवला. खात्री व्हावी म्हणून डेटा दुसरीकडे घेऊन फोन फॅक्टरी रीसेटही केला. फरक पडला नाही.

दुसरा अर्ज असा होता :

"मी आपल्या दुकानातून दि. १० जून रोजी बिल क्र. ___ ने ___ मॉडेलचा मोबाईल घेतला. आयएमईआय क्र. ___. वॉरंटी एक वर्षाची आहे. गेम सुरू केल्यावर बारा मिनिटांत बॅटरीचे तापमान ३१ वरून ४६ अंश होते व एफपीएस ६० वरून २४ वर येतो. चाचणी घरात, कव्हर व चार्जर न लावता, तीन दिवस घेतली. अपडेट व फॅक्टरी रीसेट करूनही दोष कायम आहे. फोन पडलेला नाही, पाण्यात गेलेला नाही, उघडलेला नाही. तरी १५ दिवसांत दोष दुरुस्त करून द्यावा; न झाल्यास फोन बदलून किंवा रक्कम परत द्यावी. सोबत बिलाची प्रत जोडली आहे."

आयएमईआय `*#06#` दाबल्यावर दिसतो. बिलावरचा नंबर तोच आहे का, हे आधी बघा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर सही, तारीख, शिक्का घ्या. सही देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती जपा. एकदम 'नवाच फोन द्या' असं लिहू नका, कारण बहुतेक वॉरंटीत कंपनी आधी दुरुस्तीच करते.

दुकानदार सर्व्हिस सेंटरला जायला सांगेल. जायला हरकत नाही, पण तिथल्या जॉबशीटवर 'हीटिंग' एवढा एकच शब्द लिहू देऊ नका, अर्जातले आकडे लिहून घ्या. आमच्या पहिल्या फेरीत पोरानं पाच मिनिटं फोन चालू करून बघितला आणि 'दोष आढळला नाही' लिहून परत दिला. पाच मिनिटांत काय दिसणार? दुसऱ्या वेळी त्याच्यासमोर बारा मिनिटं गेम चालवला. मग फोन ठेवून घेतला. बॅटरी फुगून पाठ उचललेली दिसली तर मात्र चाचणी करत बसू नका, फोन बंद करून थेट नेऊन द्या.

१५ दिवसांत उत्तर आलं नाही तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर तक्रार नोंदवता येते. तिथून दुकानदाराला किंवा कंपनीला विचारणा होते, पण हेल्पलाईन निकाल देत नाही. निकाल जिल्हा ग्राहक आयोग देतो. आपला सातारा येथे आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात दावा करता येतो, मग फोन पुण्यातून घेतलेला का असेना. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. दोष दिसल्यापासून दोन वर्षांच्या आत जावं लागतं. तिथं अर्जाची सही केलेली प्रत, जॉबशीट आणि व्हिडिओ हेच कामाला येतं.

पुतण्याला तिथवर जावं लागलं नाही. अकराव्या दिवशी मदरबोर्ड बदलून फोन मिळाला. घरी आणून तीच चाचणी पुन्हा घेतली : बाराव्या मिनिटाला ३९ अंश, ५७ एफपीएस. बोर्ड बदलल्यावर आयएमईआय बदलू शकतो, म्हणून नवा नंबर जॉबशीटवर लिहून घेतलाय आणि तो कागद बिलालाच टाचून ठेवलाय.