दिवाळीचे आभार कुणाला लिहायचे?

वसुबारस आली की फोनवर एकाच साच्याचे संदेश येऊ लागतात. "माझ्या लाडक्या फॅमिलीला दिवाळीच्या हार्दिक शुभेच्छा! तुमच्या प्रेमामुळेच मी आज इथे आहे. लाइक करा, शेअर करा, सबस्क्राइब करायला विसरू नका." चॅनेल पाककृतींचे असो, किल्ल्यांचे असो वा शेअर बाजाराचे, हा मजकूर एकाचा काढून दुसऱ्याला चिकटवला तरी कुणाच्या लक्षात येणार नाही. त्यात बघणारा माणूस कुठेच नसतो. शिवाय शेवटी मागणी आली की आधीचे आभार तिची प्रस्तावना होऊन बसतात.

फेसबुकने तर डिसेंबर 2017 मध्येच अशा मागण्यांवर बोट ठेवले. "लाडू आवडत असेल तर हार्ट, चकली आवडत असेल तर लाइक" या धर्तीच्या पोस्ट कमी लोकांपर्यंत पोचवल्या जातील, असे कंपनीने तेव्हा जाहीर केले. मदत किंवा सल्ला मागणाऱ्या पोस्ट मात्र त्यातून वगळल्या. यूट्यूबवर लाइक मागायला मनाई नाही. तिथे अडचण नियमाची नसून ऐकणाऱ्याच्या कानाची आहे.

मग लिहायचे काय? एक उदाहरण घेऊ. समजा, घरगुती पदार्थांचे चॅनेल चालवणाऱ्या एका बाईंनी गेल्या दिवाळीत अनारशांचा व्हिडिओ टाकला. तांदूळ तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचे, निथळून दमट असतानाच दळायचे, हे सगळे नीट सांगितले. गुळाचे माप मात्र वाटीने दिले. खाली तक्रारी आल्या: अनारसे तुपात हसले, म्हणजे पसरून विरघळले. एका प्रेक्षक बाईंनी कारण लिहिले. चिरलेला गूळ वाटीत सैल भरला तर कमी बसतो, दाबून भरला तर जास्त, आणि गूळ जास्त झाला की पीठ सैल पडते. त्यानंतर चॅनेलवर गूळ वजनाने सांगितला जाऊ लागला.

यंदाच्या आभाराचा मजकूर इथेच आहे. वर्षभराच्या कमेंट चाळून ज्या एका ओळीमुळे आपले काम बदलले, ती शोधायची आणि तिच्याबद्दल लिहायचे. उदाहरणार्थ:

"गेल्या वर्षी माझ्या मापाने केलेले अनारसे बऱ्याच जणींचे हसले. वाटीत गूळ दाबून भरला की तो जास्त पडतो, हे एका काकूंनी कळवलं. तेव्हापासून मी गूळ वजनावर घेते. बिघडलेल्या घाण्याचे फोटो पाठवणाऱ्यांचेही आभार, पीठ किती सैल झालं होतं ते त्यावरूनच समजलं. यंदा आधी एकच अनारसा तळून बघा. हसला, तर पिठात थोडी तांदळाची पिठी मळा. दिवाळीच्या शुभेच्छा!"

यात "प्रेम" हा शब्द एकदाही आलेला नाही. तरीही बिघडलेल्या घाण्याचा फोटो पाठवलेल्या बाईला हे आपल्यालाच लिहिले आहे, असे वाटेल. एक लाख सबस्क्रायबर झाल्याचा उल्लेखही नाही. तो आकडा चॅनेलच्या मालकिणीचा आनंद आहे, त्यात वाचणारीला स्वतःची जागा सापडत नाही. सुरुवातही शुभेच्छांनी होत नाही. इन्स्टाग्रामवर लांब मजकुराच्या पहिल्या एकदोन ओळीच दिसतात आणि उरलेले उघडून वाचावे लागते, तेव्हा त्या ओळींत अनारसे असलेले बरे.

कमेंटचा स्क्रीनशॉट लावायचा मोह होतो, पण त्यात समोरच्याचे नाव आणि फोटो असतो. आधी विचारावे. उत्तर आले नाही तर नाव झाकून "एका काकूंनी" एवढे पुरे.

याच पोस्टमध्ये मिठाईच्या किंवा तुपाच्या ब्रँडचा डबा ठेवला आणि त्याचे पैसे किंवा भेटवस्तू घेतली, तर ती जाहिरात ठरते. भारतातील जाहिरात मानक परिषदेच्या 14 जून 2021 पासूनच्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे तसे ठळकपणे लिहावे लागते. "जाहिरात" या शब्दाखाली मनापासूनचे आभार कुणी मनावर घेत नाही. प्रायोजकासाठी वेगळा दिवस, वेगळी पोस्ट ठेवावी.

वेळेचेही आहे. अनारशाचे तांदूळच तीन दिवस भिजतात आणि गूळ घातलेले पीठही काही दिवस मुरावे लागते. हा मजकूर लक्ष्मीपूजनाला टाकला तर सुधारलेले माप कुणाच्याच कामाचे नाही. आठदहा दिवस आधी टाकावा. आणि यूट्यूबवर त्याच दुव्यावरचा जुना व्हिडिओ काढून तिथे नवा बसवता येत नाही. शोधता शोधता लोक त्या जुन्याच व्हिडिओवर पोचतात, म्हणून त्याखालच्या वर्णनात आणि पिन केलेल्या कमेंटमध्ये गुळाचे वजन लिहून ठेवावे, आणि ते कुणी सुचवले तेही.