सर्दीची गोळी : पट्टीच्या मागची बारीक अक्षरे

हवेत गारवा आला, की घरोघरी शिंकांचा आवाज ऐकू येऊ लागतो आणि कपाटाच्या खणातून सर्दीच्या गोळ्यांची जुनी पट्टी बाहेर निघते. एक गोळी आजोबांना, एक आईला, जमल्यास अर्धी नातवाला, अशी तिची वाटणी होते. सर्दी एकच, मग औषधही एकच, ही त्यामागची समजूत. पट्टी उलटी करून मागची बारीक अक्षरे मात्र क्वचितच कोणी वाचते. तेथे बहुधा तीन नावे आढळतात : पॅरासिटामॉल, फेनिलेफ्रिन आणि क्लोरफेनिरामिन. पहिले ताप व अंगदुखीवर, दुसरे चोंदलेल्या नाकावर, तिसरे गळणाऱ्या नाकावर. काही गोळ्यांत आणि अनेक पातळ औषधांत त्यांच्या जोडीला खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फनही असते. म्हणजे आपण एक गोळी घेत आहोत असे समजतो, तेव्हा प्रत्यक्षात तीन-चार औषधे पोटात जात असतात आणि त्यांपैकी एखाद्याचीच आपल्याला गरज असते.

येथे एका घराचे उदाहरण घेऊ. ते कोणा एका कुटुंबाचे नाही. दवाखान्यात वारंवार दिसणाऱ्या प्रसंगांवरून बेतलेले आहे. घरातील आजोबा ६८ वर्षांचे. रक्तदाबाची गोळी चालू आहे. प्रोस्टेट ग्रंथी वाढल्यामुळे रात्री दोन-तीनदा लघवीला उठावे लागते, पण तेवढ्यावर निभावते आहे. सर्दी झाली, नाक वाहू लागले, म्हणून त्यांनी घरातली गोळी दिवसातून तीन वेळा घेतली. दुसऱ्या दिवशी नाक थोडे कोरडे झाले, तोंडही कोरडे पडले आणि दिवसभर गुंगी राहिली. तिसऱ्या रात्री लघवीची धार अगदी बारीक झाली आणि पहाटे तर लघवीच होईना. ओटीपोट फुगून असह्य दुखू लागले. रुग्णालयात नळी घालून मूत्राशय रिकामे करावे लागले. घरच्यांना वाटले, प्रोस्टेटचे दुखणे अचानक बळावले. खरे कारण सर्दीच्या गोळीत होते.

हे कसे घडले, ते समजून घेताना या औषधांचे स्वभाव आपोआप उलगडतात. क्लोरफेनिरामिन हे जुन्या पिढीतील अँटिहिस्टामिन. अ‍ॅलर्जीमध्ये शरीरात हिस्टामिन नावाचे द्रव्य सुटते आणि शिंका, खाज व पाणी सुरू होते; त्याला ही औषधे अडवतात. पण विषाणूंमुळे होणाऱ्या साध्या पडशात हिस्टामिनचा वाटा फार मोठा नसतो. तरीही जुन्या गोळीने नाक थोडे सुकते, कारण ती आणखी एक काम करते. नाकातील ग्रंथींना पाझरण्याची आज्ञा देणारे ॲसिटिलकोलिन नावाचे द्रव्यही ती अडवते. तेच द्रव्य मूत्राशयाच्या स्नायूला आकुंचनाची आज्ञा देते, तोंडाला लाळ सुटायला लावते आणि मेंदूत जागेपणा व स्मरण राखण्यास मदत करते. नाक सुकविणारी गोळी केवळ नाकापुरती थांबत नाही. आजोबांच्या मूत्राशयाचा जोर कमी पडला तो त्यामुळे. त्यातच फेनिलेफ्रिनच्या वर्गातील औषधे मूत्राशयाच्या तोंडाशी असलेला स्नायू आवळू शकतात. वाट आधीच अरुंद, त्यात मागचा जोर कमी आणि पुढचे दार घट्ट, अशी ही कोंडी.

याच कारणाने काचबिंदूच्या एका प्रकारात, ज्यात डोळ्यातील पाण्याचा मार्ग अरुंद असतो, जुनी अँटिहिस्टामिन औषधे धोक्याची ठरतात. वृद्धांमध्ये गोंधळलेपणा आणि रात्री तोल जाऊन पडणे यांमागेही ती असू शकतात. प्रौढांच्या शरीरातून क्लोरफेनिरामिनची मात्रा निम्मी होण्यास साधारण २० तास लागतात. त्यामुळे रात्री झोपताना घेतलेल्या गोळीचा अंमल सकाळी दुचाकीला किक मारतानाही उतरलेला नसतो. त्या काळात वाहन चालविणे टाळावे. मद्य किंवा झोपेच्या गोळीबरोबर तर ती घेऊच नये.

मग गुंगी न आणणारी नवी औषधे, म्हणजे लोराटाडिन, फेक्सोफेनाडिन किंवा थोडीशीच गुंगी आणणारे सेटिरिझिन, घ्यावीत का? येथे आपली सर्दी कोणती हे आधी ओळखावे लागते. झाडलोट करताना किंवा पहाटे उठल्यावर एकामागून एक शिंका येतात, नाक-डोळे खाजतात, स्वच्छ पाणी वाहते, ताप नसतो आणि हे आठवडेच्या आठवडे चालते, तर ती अ‍ॅलर्जी. तिच्यावर ही नवी औषधे चांगली लागू पडतात. उलट, आधी घसा खवखवला, अंग मोडून आले, मग नाक वाहू लागले आणि दोन-तीन दिवसांनी स्राव घट्ट झाला, तर ते विषाणूंचे पडसे. ते सात ते दहा दिवसांत आपण होऊन ओसरते. नव्या औषधांत नाक सुकविण्याचा तो दुसरा गुण जवळजवळ नसल्याने पडशात त्यांचा उपयोग होत नाही. मध्येच स्राव पिवळा-हिरवा झाला, म्हणून प्रतिजैविके सुरू करण्याचेही कारण नसते.

आता आईकडे वळू. तिचे नाक वाहत नाही. ते ठार चोंदले आहे. रात्री तोंडाने श्वास घ्यावा लागतो. नाक चोंदते ते शेंबडाने कमी आणि आतल्या रक्तवाहिन्या फुगून अस्तर सुजल्याने अधिक. म्हणून कितीही शिंकरले तरी ते मोकळे होत नाही. तेथे रक्तवाहिन्या आकसविणारे औषध लागते. फेनिलेफ्रिन त्यासाठीच गोळीत घालतात, पण गिळल्यावर त्याचा बराचसा भाग आतड्याच्या भिंतीत आणि यकृतात निकामी होतो. नाकापर्यंत पोहोचते ते फारच थोडे. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या तज्ज्ञ समितीने सप्टेंबर २०२३ मध्ये एकमताने असा निष्कर्ष काढला, की नेहमीच्या मात्रेत तोंडाने घेतलेले फेनिलेफ्रिन चोंदलेल्या नाकावर परिणामकारक नाही. पुढच्या वर्षी त्या प्रशासनाने ते अशा औषधांतून वगळण्याचा प्रस्तावही मांडला. आपल्याकडच्या पट्ट्यांवर हे नाव अजूनही सर्रास दिसते. रक्तापर्यंत पोहोचणारे प्रमाण माणसागणिक बदलत असल्याने, अनियंत्रित रक्तदाब, हृदयविकार व थायरॉइडचा अतिरेक असलेल्यांनी ते टाळावे, ही सूचना मात्र कायम आहे. लाभ संशयास्पद आणि सावधगिरी पूर्ण, असा हा व्यवहार आहे.

आईला खरा आराम देतील ते नाकात घालावयाचे थेंब किंवा फवारा : झायलोमेटाझोलिन अथवा ऑक्सिमेटाझोलिन. ते नेमके सुजलेल्या जागी पडतात आणि काही मिनिटांतच श्वास मोकळा होतो. एका रात्रीची शांत झोप मिळावी म्हणून झोपण्यापूर्वी ते घालणे अगदी योग्य आहे. मात्र या सुखाची मुदत तीन दिवसांची, फार तर पाच. त्यापुढे रक्तवाहिन्या औषधाला सरावतात आणि अंमल उतरताच पूर्वीपेक्षा जास्त फुगतात. नाक पुन्हा चोंदते, म्हणून पुन्हा थेंब, आणि थेंबांमुळे पुन्हा चोंदणे. पडसे केव्हाच गेलेले असते, तरी बाटली उशाखालून हलत नाही. पूर्वी रात्रीपुरते पुरणारे थेंब दर दोन-तीन तासांनी घालावेसे वाटू लागले, की या चक्रात आपण अडकलो हे ओळखावे. ते सोडविण्यासाठी आधी एका नाकपुडीत थेंब घालणे बंद करतात आणि ती मोकळी झाली की दुसरीत. दरम्यान डॉक्टर बहुधा स्टेरॉइडचा नाकातील फवारा देतात. साध्या मिठाच्या पाण्याच्या थेंबांना असे कोणतेच बंधन नाही.

तिसऱ्या दिवशी आईला खोकला लागला. येथे विचारावयाचा प्रश्न एकच : खोकल्याबरोबर कफ सुटतो का? सुटत असेल, तर खोकला हा शरीराचा झाडू आहे. तो दाबला तर कफ आतच साचतो. कोरडी ढास लागून झोप मोडत असेल, तर मेंदूतील खोकल्याच्या केंद्राला शांत करणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन रात्रीपुरते घेता येते. त्याचा गुण मध्यमच आहे, हे आधीच जाणून असावे. नैराश्यावरील काही औषधांबरोबर, उदाहरणार्थ सर्ट्रालिन किंवा फ्लुओक्सेटिन, ते घेतल्यास थरथर, घाम, अस्वस्थता व ताप अशी गंभीर प्रतिक्रिया उद्भवू शकते. म्हणून आपली चालू औषधे दुकानदाराला आणि डॉक्टरांना आवर्जून सांगावीत. कित्येक बाटल्यांत खोकला दाबणारे आणि कफ सुटावा म्हणून दिलेले औषध एकत्रच असते. एकाने कफ बाहेर काढायचा आणि दुसऱ्याने त्याची वाट अडवायची, या जोडीचे प्रयोजन मला आजवर उमगलेले नाही.

कधी कधी कोरडी ढास सर्दीची नसतेच. रॅमिप्रिल, एनालाप्रिल या रक्तदाबाच्या गोळ्यांनी काहींना अशी ढास लागते आणि ती कोणत्याही पातळ औषधाने थांबत नाही. डॉक्टरांना गोळीच बदलावी लागते. रात्री खोकल्याबरोबर छातीत शिट्टी वाजत असेल, तर दम्याची शंका घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेल्या खोकल्यासाठी आपल्या देशात क्षयाची तपासणी करून घेणे आवश्यक आहे.

पॅरासिटामॉलबद्दलही एक हिशेब करून पाहावा. सर्दीच्या एका गोळीत ते ५०० मिलिग्रॅम असेल आणि दिवसाला तीन घेतल्या, तर दीड ग्रॅम झाले. ताप उतरत नाही म्हणून वेगळी ६५० मिलिग्रॅमची गोळी चार वेळा घेतली, तर आणखी २६०० मिलिग्रॅम. बेरीज ४१०० मिलिग्रॅम. प्रौढांसाठीची दिवसाची कमाल मर्यादा ४००० आहे. वजन कमी असलेल्या, यकृताचा विकार असलेल्या किंवा नियमित मद्य घेणाऱ्या माणसाची मर्यादा त्याहूनही खाली असते.

राहिला नातू, वय तीन वर्षे. त्याला यातले पॅरासिटामॉल तेवढे, ताप असल्यास, वजनानुसार ठरविलेल्या मात्रेत द्यावे. बाकी काहीच नको. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश भारताच्या औषध नियंत्रकांनी डिसेंबर २०२३ मध्ये दिले. ऑक्टोबर २०२५ मध्ये मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरात विषारी डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेल्या खोकल्याच्या औषधाने लहान मुले दगावली. त्यांतील कित्येकांवर नागपूरला उपचार चालू होते. त्याच सुमारास केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने कळविले, की दोन वर्षांखालील मुलांना खोकला-सर्दीची औषधे देऊच नयेत आणि पाच वर्षांखालील मुलांनाही ती सामान्यतः शिफारसयोग्य नाहीत. ती दुर्घटना भेसळीची होती, हे खरे. पण शुद्ध औषधानेही या वयात लाभ अल्प आणि गुंगी, अस्वस्थता, धडधड यांचा धोका अधिक असतो.

नातवाचे नाक मिठाच्या पाण्याच्या थेंबांनी ओले करून पुसावे, त्याला वरचेवर पातळ पदार्थ द्यावेत आणि रात्री झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध चाटवावा. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध अजिबात देऊ नये. तो शांत झोपलेला असताना पोटावरचे कपडे वर करून एक पूर्ण मिनिट श्वास मोजावेत. एक ते पाच वर्षांच्या मुलाचे श्वास मिनिटाला ४० किंवा अधिक भरले, दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे ५० किंवा अधिक भरले, श्वासागणिक बरगड्यांखाली खड्डा पडू लागला किंवा मूल पिणे सोडून मलूल झाले, तर रात्र सरण्याची वाट न पाहता त्याला डॉक्टरांकडे न्यावे.