पांढरे बनियन गुलाबी का झाले?

सोबतचा फोटो आमच्या हाऊसच्या वॉशिंग मशीनचा आहे. कपडे धुऊन झाल्यावर लगेच काढलेला. त्यात एक नवा मरून हाऊस टी-शर्ट, ४ पांढरे सुती बनियन, एक पांढरी पीटी शॉर्ट आणि एक पांढरा टेरिकॉटचा शर्ट आहे. दिवस रविवार, आणि बुधवारी किट तपासणी.

फोटो नीट पाहा. बनियन चांगलेच गुलाबी झाले आहेत, पण टेरिकॉटच्या शर्टावर फक्त फिकट छटा आहे. बनियनच्या कडांची शिलाई तर पांढरीच राहिली आहे! कारण तो दोरा पॉलिस्टरचा आहे. सुती कापडाचा रंग पॉलिस्टरला सहसा धरत नाही. म्हणजे टी-शर्टाने सोडलेला रंग सुताचा आहे, आणि तो सुतावरच जाऊन बसला.

पण नव्या टी-शर्टाचा रंग सुटलाच कसा? गडद सुती कपडे बहुधा रिअ‍ॅक्टिव्ह रंगांनी रंगवतात. हे रंग सुताच्या धाग्याशी रासायनिक बंध जोडतात आणि मग धुण्याने निघत नाहीत. मात्र रंगवण्याच्या टाकीत पाणीही असते. रंगाचे काही रेणू सुताऐवजी पाण्याशीच जोडले जातात. त्यांना नंतर धाग्याशी बंध जोडता येत नाही, ते नुसते चिकटून राहतात. कारखान्यात उकळत्या साबणाच्या पाण्याने ते धुऊन काढायचे असतात. छटा जितकी गडद, तितका असा सैल रंग जास्त, आणि ही धुलाई कमी पडली की उरलेला रंग आपल्या बादलीत उतरतो. आमच्या मशीनमध्ये पाणी ६० अंशांवर होते, कपडे ठासून भरलेले होते, आणि धुणे संपल्यावरही ते तासभर ओले एकमेकांवर पडून होते. रंगाला याहून चांगली सोय कोण करून देणार?

याच कारणात सुटकेची वाटही आहे. बनियनवर आलेला रंगही सैलच आहे, त्याने तिथे बंध जोडलेला नाही. गरम पाण्याने तो टी-शर्टातून निघाला, तसा तो बनियनमधूनही निघेल. मात्र पाणी भरपूर हवे, आणि मरून टी-शर्ट त्यात नको.

आम्ही आधी टी-शर्ट वेगळा केला. बाकीचे कपडे वाळू दिले नाहीत आणि इस्त्रीच्या जवळही नेले नाहीत, कारण वाळल्यावर रंग काढणे अवघड जाते. थंड पाण्यात ते दोनदा खळबळून घेतले. मग मोठ्या बादलीत हाताला सोसेल एवढे गरम पाणी घेऊन त्यात ऑक्सिजन ब्लीच, म्हणजे सोडियम परकार्बोनेटची पांढरी पूड, विरघळवली. प्रमाण ५ लिटरला साधारण २ मोठे चमचे. पूड पूर्ण विरघळल्यावरच कपडे बुडवले आणि रात्रभर ठेवले. सकाळी पाणी गुलाबी दिसले. हे पाहून काही जण घाबरले, पण पाणी गुलाबी होणे ही चांगली खूण आहे. टेरिकॉटचा शर्ट तेवढ्यानेच स्वच्छ झाला. बनियन आणि शॉर्टला सोमवारी रात्री ताज्या पाण्यात दुसरी फेरी द्यावी लागली. एका बनियनच्या काखेत अगदी पुसट डाग उरला.

आई फोनवर म्हणाली होती, "पाण्यात मीठ टाक, रंग पक्का होतो." आईचा सल्ला सहसा चुकत नाही, पण इथे मीठ नको. रंगवण्याच्या टाकीत मीठ घालतात ते रंग पाण्यातून सुताकडे ढकलण्यासाठी. आपल्याला तर तो सुतातून पाण्यात आणायचा आहे!

क्लोरीनचे ब्लीच, म्हणजे बाथरूम पांढरे करणारे तिखट वासाचे द्रावण, फक्त शंभर टक्के सुती आणि पूर्ण पांढऱ्या कपड्यांवरच, तेही पाणी घालून आणि थोडाच वेळ वापरता येते. शॉर्टच्या इलॅस्टिकची ताण त्याने जाते, आणि शर्टावर रंगीत बिल्ला भरलेला असेल तर तोही फिका पडतो. लोकर आणि रेशमावर ते अजिबात वापरू नये. त्यात व्हिनेगर किंवा टॉयलेट साफ करायचे अ‍ॅसिड मिसळले तर विषारी क्लोरीन वायू निघतो, म्हणून ते दोन्ही एका बादलीत कधीच नकोत.

नवा गडद कपडा तपासायचा असेल तर त्याची आतली शिवण साबणाच्या गरम पाण्याने ओली करा आणि पांढऱ्या सुती रुमालाने मिनिटभर दाबून घासा. रुमाल सुती हवा, पॉलिस्टरचा रुमाल फसवेल. आमचा मरून टी-शर्ट त्यानंतर ४ वेळा एकटाच बादलीत धुतला. चौथ्या वेळी पाणी स्वच्छ होते आणि रुमालही पांढराच राहिला, तेव्हा तो पुन्हा इतर कपड्यांत गेला.